रंगाआधी तेल, रंगानंतर उटणं

रंगपंचमीला पेठेत शिरलात की कोरडं कुणी परत येत नाही! म्हणून निघण्याआधी अर्धा तास आमचं खोबरेल-बदाम तेल चोपडा. केसांना मुळापासून टोकापर्यंत, भांगात, कानांमागे आणि हो, नखांच्या कडांनाही. रंग तिथेच हट्टाने बसतो. तेलाचा थर असला की तो धुताना लवकर सुटतो.

घरी आल्यावर रॉकेल, कपड्यांचा साबण, खसाखसा घासणं अजिबात नको. आधी गार पाण्याने सुटा रंग वाहू द्या. मग मसूरडाळ-मुलतानी मातीचं उटणं दुधात कालवून हलक्या हाताने फिरवा. केसांना आमचा सौम्य शिकेकाई शाम्पू.

तिन्हींचा संच ३४९ रुपये, तुळशीबागेतल्या आमच्या दुकानात. लहान मुलांना लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.