सतरा नंबरवाला

हजेरीपत्रकावर सही घेताना शोभाबाईंनी मान वर केली, ती सहीतल्या 'दि'मुळे. वेलांटी शिरोरेघेच्या पार वर उडालेली. नववीत असताना त्या वेलांटीवर त्यांनी कितीदा लाल शाई ओतली होती.

"दिनेश?"

"व्हय बाई," तो पुटपुटला आणि लगेच खाली बघू लागला. दाढी, रापलेली मान, बोटांवर जाळ्याच्या दोरीचे जुने काप. शेजारच्या बाकावरची पोरं पंधरा-सोळाची, हा त्यांच्या काकासारखा दिसत होता.

नववीच्या दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. बाई पाजपंढरीला त्याच्या घरी गेल्या, तर आई मासळी निवडता निवडता म्हणाली, "लाँचवर गेला तो." विषय संपला. पुढे बाईंची बदली झाली. आता कॉपीमुक्त अभियानात इथे पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतले नेमले होते, म्हणून त्या या केंद्रावर आल्या होत्या.

सकाळीच त्यांनी केंद्रसंचालकांना विचारलं होतं, ओळखीचं कुणी निघालं तर काय करायचं? "नातेवाईक आहे का? नाही ना? मग ब्लॉक सांभाळा," म्हणाले. तेव्हा प्रश्न सहज विचारलेला.

दहावीचा मराठीचा पेपर, अकराला सुरू. पंचवीस मुलं, बारकोड चिकटवून झाले, मुखपृष्ठावरच्या सूचना वाचून झाल्या. पहिला तास कुणी मान वर करत नाही, तेवढाच पर्यवेक्षकाला निवांत असतो. बाहेर आंब्याला मोहोर होता आणि खारा वारा खिडकीची फळी आपटत होता. बाईंनी ती दोरीने बांधली.

एकच्या सुमारास कुणी पुरवणी मागितली. ती देऊन परत येताना त्यांची नजर दिनेशच्या उत्तरपत्रिकेवर गेली. पत्रलेखन. रोपवाटिकेकडून रोपं मागवायची होती. मायना नीट, विषय नीट, मजकूर तर छानच: झाडं लावायची ती किनाऱ्याच्या वाऱ्याला टिकणारी हवीत, असं स्वतःच्या अकलेनं लिहिलेलं. आणि खाली, ठसठशीत: 'आपला विश्वासू, दिनेश', त्याखाली आडनाव आणि 'पाजपंढरी, हर्णै'.

बाई जागच्या जागी थबकल्या. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव-गाव लिहिलं तर तो गैरप्रकार धरतात. तपासणारा काय करेल, देव जाणे.

त्यांनी सगळ्या रांगा फिरून पाहिल्या. बाकी कुणी नाव लिहिलं नव्हतं. म्हणजे सांगायचं तर फक्त त्यालाच सांगणं होणार. पण ही सूचना तर सकाळी सगळ्यांना वाचून दाखवली होती. तीच पुन्हा वाचली तर कुणाचं काय बिघडलं? आणि बिघडत नसेल, तर छातीत धडधडत का होतं?

दीड वाजता रिलीव्हर सर दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्या देखतच टेबलावर पट्टी आपटली.

"सर्वांनी लक्ष द्या. उत्तरपत्रिकेत कुठेही स्वतःचं नाव, गाव, शाळा लिहायची नाही. पत्रातसुद्धा नाही."

दोघा-चौघांनी वर पाहिलं. दिनेश लिहीतच होता. निबंधात बुडालेला. शाळेतही तसाच, एकदा गुंतला की घंटा ऐकू यायची नाही. बाईंचे ओठ पुन्हा हलले. मग त्यांनी ते मिटले. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ते त्याच्या एकट्यासाठी झालं असतं.

शेवटची दहा मिनिटं जादा. उत्तरपत्रिका गोळा करताना त्याची त्यांनी हातात घेतली, पानं न उलटता गठ्ठ्यात ठेवली, आणि मोजून पंचवीस भरल्यावर सीलसाठी नेऊन दिली.

फाटकाबाहेर तो मोटारसायकलला टेकून उभा होता.

"बाई, बंदीच्या दोन महिन्यांत अभ्यास केला. जून-जुलै लाँच किनाऱ्यालाच असते ना. तेव्हाच सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं ठरवलं. दहावी झाली की आयटीआयला डिझेल मेकॅनिक. इंजिन बिघडलं की माणूस दापोलीहून आणावा लागतो, अख्खा दिवस जातो."

"बरं केलंस."

"तुम्ही मघाशी ते बोललात ना, नावाचं..."

"सगळ्या वर्गाला सांगितलं."

"मला नाही ऐकू आलं. बाजूच्या पोरानं कोपर मारलं, तेव्हा खोडलं. नाव, गाव, सगळं." तो हिरमुसून हसला. "इतकं चांगलं अक्षर काढलं होतं हो तिथं."

"वेलांटी अजून तशीच आहे तुझी," बाई म्हणाल्या. "आणि इथे उभा राहू नकोस. ती समोर गाडी आहे ना, ती भरारी पथकाची."

"लिलावाला जायचंय तसंही. लाँच येतील आता." त्याने किक मारली. "पुढच्या पेपरला तुम्हीच काय?"

"ब्लॉक चिठ्ठी टाकून मिळतो. इंग्रजीचं पत्र लिहिताना ध्यानात ठेव म्हणजे झालं."