धडा ९, मोजणी आणि बाजार: जपानी–मराठी शब्दतक्ता

मालवणच्या संध्याकाळच्या बॅचसाठी. ग्रुपवर आलेल्या तीन फोटोंवरून (पाने ७४ ते ७६) हा तक्ता केला आहे. पुस्तकातला क्रम मोडून मोजणीचे शब्द एकत्र आणले आहेत आणि बाजाराचे वेगळे. जपानी लिपी मुद्दामच घातलेली नाही. ती फोटोतून बघून प्रत्येकाने वहीत उतरवायची, त्याशिवाय हात बसत नाही.

उच्चाराबद्दल थोडे. ऽ असेल तिथे स्वर लांबवा, बाकी सगळे आखूड, 'आ'सुद्धा आखूडच. 'त्सु' म्हणताना चुलीतला च आठवा. 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा उ जेमतेम ऐकू येतो. वा, गा, ओ, नि, दे, कारा, मादे हे शब्द नामाच्या मागून येतात, आपल्या प्रत्ययांसारखे, आणि क्रियापद शेवटी. म्हणून वाक्य मनात मराठीत जुळवा आणि तिथून थेट जपानीत न्या. आधी इंग्रजी करून मग जपानी करणाऱ्यांची वाक्ये उलटीपालटी होतात.

मोजणीचे शब्द

| जपानी | मराठी | वापर | उदाहरण |
|---|---|---|---|
| हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु, मुत्त्सु, नानात्सु, यात्त्सु, कोकोनोत्सु, तोऽ | एक ते दहा (वस्तू) | कुठल्याही वस्तूला चालतात, माणसांना नाही. दहाच्या पुढे साधे आकडे. | रिंगो ओ मित्त्सु कुदासाइ. – तीन सफरचंदे द्या. |
| –माइ | पातळ, सपाट वस्तू | ताटल्या, कागद, तिकिटे, शर्ट. आकडा बदलत नाही: इचिमाइ, निमाइ, सानमाइ. | ओसारा ओ गोमाइ आराइमाशिता. – पाच ताटल्या धुतल्या. |
| –होन / –पोन / –बोन | लांबट वस्तू | छत्री, पेन, बाटली, केळे. रूपे खाली दिली आहेत. | कासा गा साम्बोन आरिमासु. – तीन छत्र्या आहेत. |
| –हिकि / –पिकि / –बिकि | लहान प्राणी, मासे | मांजर, कुत्रा, मासा. बदल 'होन'सारखाच. | नेको गा निहिकि इमासु. – दोन मांजरे आहेत. |
| हितोरि, फुतारि, साननिन, योनिन | एक, दोन, तीन, चार माणसे | पहिली दोन पाठच करायची, पुढे आकड्याला 'निन'. चाराला 'योनिन', 'योननिन' नव्हे. | काझोकु वा योनिन देसु. – घरात आम्ही चौघे. |
| –काइ | वेळा, खेप | इक्काइ, निकाइ, सानकाइ. | इश्शूऽकान नि इक्काइ इचिबा ए इकिमासु. – आठवड्यातून एकदा बाजारात जातो. |

'होन'ची पूर्ण रांग: इप्पोन, निहोन, साम्बोन, योनहोन, गोहोन, रोप्पोन, नानाहोन, हाप्पोन, क्यूऽहोन, जुप्पोन. 'किती?' विचारताना नाम्बोन. एक, सहा, आठ, दहा यांना प, तीनला आणि प्रश्नाला ब, उरलेल्यांना ह. 'हिकि'ची रांगही याच नियमाने: इप्पिकि, निहिकि, साम्बिकि, योनहिकि, गोहिकि, रोप्पिकि, नानाहिकि, हाप्पिकि, क्यूऽहिकि, जुप्पिकि.

ही रांग इतकी सविस्तर देण्याचे कारण पान ७४चा फोटो. जपानी लिपीत ह, ब आणि प यांचे मूळ अक्षर एकच असते. वर दोन बारीक रेघा आल्या की ब, छोटे वर्तुळ आले की प. पान ओट्यावर ठेवून ट्यूबलाइटखाली फोटो काढला की वर्तुळ आणि रेघा दोन्हींचा एकच ठिपका होतो. दुसरी अडचण लहान 'त्सु'ची. अक्षर लहान असेल तर पुढचे व्यंजन दुप्पट होते (इप्पोन), मोठे असेल तर 'त्सु' स्वतः उच्चारायचा. धूसर फोटोत हा लहानमोठा फरक कळत नाही. त्यामुळे पान ७४वरच्या ओळी मी फोटोवर विसंबून न लिहिता वरच्या नियमाने पडताळल्या आहेत. वहीत उतरवताना तुम्हीही तसेच करा.

वाक्यात संख्येची जागा वेगळी आहे. आपण 'तीन सफरचंदे द्या' म्हणतो. जपानीत बहुतेक वेळा आधी वस्तू, मग 'ओ', मग संख्या, आणि संख्येला कुठलाही प्रत्यय नाही. 'सफरचंदे तीन द्या' असे मनात म्हणा, गाडी रुळावर येते.

बाजार आणि बंदर

| जपानी | मराठी | वापर | उदाहरण |
|---|---|---|---|
| इचिबा | बाजार, मंडई | मासळीबाजारालाही चालतो. | इचिबा दे एबि ओ काइमाशिता. – बाजारात कोळंबी घेतली. |
| मिनातो | बंदर | वस्तू नुसती असेल तर 'नि', तिथे काही काम घडत असेल तर 'दे'. मराठीत दोन्हींना 'बंदरात'च. | मिनातो नि फुने गा आरिमासु. – बंदरात होडी आहे. |
| इकुरा | केवढ्याला | एरवी माशाच्या लाल अंड्यांनाही इकुराच म्हणतात. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. | कोनो एबि वा इकुरा देसु का? – ही कोळंबी केवढ्याला? |
| ताकाइ | महाग. उंच | संदर्भावरून कळते. उलट: यासुइ (स्वस्त), हिकुइ (बुटका, कमी उंचीचा). | क्योऽ वा साकाना गा ताकाइ देसु. – आज मासळी महाग आहे. |
| साबा | बांगड्याच्या जातीचा मासा | आपला बांगडा त्यांचा जवळचा भाऊबंद. तंतोतंत तोच नव्हे. | साबा ओ साम्बिकि कुदासाइ. – तीन साबा द्या. |
| इका | माकूल | पानावर 'हिकि' दिले आहे. मासळीवाले 'हाइ' लावतात: इप्पाइ, निहाइ, साम्बाइ. खेकड्यांनाही तेच. | इका ओ निहाइ कुदासाइ. – दोन माकुले द्या. |
| इमासु / आरिमासु | असणे | जिवंत माणूस किंवा प्राणी असेल तर इमासु, नाहीतर आरिमासु. | उमि नि साकाना गा इमासु. – समुद्रात मासे आहेत. इचिबा नि साकाना गा आरिमासु. – बाजारात मासे आहेत. |

शेवटची ओळ दोनदा वाचा. मासा तोच, पण पाण्यात पोहतो तोवर 'इमासु' आणि टोपलीत पडला की 'आरिमासु'. पुस्तकात यासाठी कुत्रा आणि खुर्ची यांचे उदाहरण आहे. ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे लिलाव पाहिलेल्या माणसाला हे लवकर पटेल.

किती वेळ (पान ७६)

| जपानी | मराठी | वापर | उदाहरण |
|---|---|---|---|
| –जिकान | तास (अवधी) | घड्याळातल्या वेळेला नुसते 'जि'. चार वाजता योजि, चार तास योजिकान. | मालवान कारा कुदाऽरु मादे बासु दे इचिजिकान गुराइ काकारिमासु. – मालवणहून कुडाळपर्यंत बसने तासभर लागतो. |
| गुराइ | साधारण, सुमारे | संख्येच्या मागे. | जूऽनिन गुराइ किमाशिता. – दहाएक माणसे आली. |
| काकारिमासु | (वेळ, पैसे) लागणे | मराठीतल्या 'लागतो'प्रमाणेच वेळेलाही आणि पैशालाही. | ओकाने गा काकारिमासु. – पैसे लागतात. |

जपानीत ळ नाही आणि ल-र वेगळे नाहीत, म्हणून कुडाळचे कुदाऽरु झाले. फॉर्मवर गावाचे नाव लिहिताना असेच होणार.

पान ७६च्या तळाशी अंगठा आल्यामुळे दोन ओळी झाकल्या आहेत. 'शूऽकान' (आठवडे) आणि 'कागेत्सु' (महिने) असावेत असे दिसते, पण अंदाजाने तक्त्यात भरलेले नाहीत. ज्याने फोटो काढला त्याने पुस्तक खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून त्या पानाचा पुन्हा एक काढावा आणि शुक्रवारच्या आधी ग्रुपवर टाकावा.