लायटरची दोरी

इंदूरच्या रामबागेत मधुकररावांचे छोटे जनरल स्टोअर ३१ वर्षांपासून आहे. वह्या, पेन, ब्रेड, शेवेची पाकिटे, फोनचे रिचार्ज आणि काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात सिगारेटी एवढाच पसारा. सकाळी सातला शटर वर करायचे, कचऱ्याची पिवळी गाडी गाणे वाजवीत येण्याआधी दुकानापुढची जागा झाडून घ्यायची आणि मग उदबत्ती लावायची, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. झाडताना केरात सिगारेटची थोटके निघत, आणि त्यांतली बरीचशी एकाच जातीची असत. फिल्टरमध्ये पुदिन्याची बारीक गोळी असलेली ही सिगारेट. ती गोळी दाताखाली फुटली की तोंडात थंडावा येतो. मोठी माणसे ही गोळी बोटांनी दाबून फोडतात, पण केरातल्या या थोटकांवर दातांचे ठसे असत, आणि ते ठसे लहान होते. मधुकररावांना ते दिसत होते. पण केर सुपलीत भरायचा आणि गाडीत टाकायचा एवढेच आपले काम आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

शाळेची मुले सकाळी सातनंतर आणि दुपारी साडेबाराला येत. गणवेशावर जॅकेट चढवलेले, पाठीवर दप्तर, आणि आवाज मुद्दाम जाड केलेला. "अंकल, एक फोड़ने वाली देना." एका सिगारेटीचे वीस रुपये आणि वर बडीशेपेच्या गोळ्या, घरी जाण्यापूर्वी तोंडाचा वास मारायला त्या लागत. म्हणजे व्यसनही मधुकरराव विकत आणि त्यावरचे पांघरूणही, आणि दोन्हींवर त्यांना चार पैसे सुटत. दहाचे पाकीट त्यांना १६५ रुपयांना पडे आणि सुटे विकले की २०० होत. मुलांपायी रोज चार पाकिटे संपत. म्हणजे दिवसाला १४० रुपये. शाळेचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याला साडेतीन हजार. दुकानाचे भाडे चार हजार होते. हा हिशेब त्यांनी कधी कागदावर मांडला नाही, कारण तो त्यांना तोंडपाठ होता.

कायदा त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचे पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे, असे हिंदीत लिहिलेली पाटी दुकानात होती. तिच्यावर त्यांनी पंचांगाचे कॅलेंडर टांगले होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे, म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर, हेही त्यांनी ऐकले होते. म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी शाळेच्या फाटकापासून दुकानापर्यंत पावले मोजली आणि ती १४० भरली. पावले जरा आखूड टाकली होती, हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हते. त्यांचे मेहुणे जिल्हा न्यायालयात कारकून होते. २००३ च्या कायद्यात दंड फक्त दोनशे रुपयांपर्यंत आहे, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली मुलाला तंबाखू दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यांनी एकदा जेवताना सांगितले होते. मधुकररावांनी त्यांना आणखी एक पोळी वाढायला सांगितली आणि विषय बदलला.

त्यांना जे हलवून गेले ते कायद्याच्या पुस्तकातून आलेच नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी ओंकारची आई दुकानात आली. त्या भंवरकुआ भागात क्लाससाठी राहणाऱ्या मुलांना पोळीभाजीचे डबे पुरवीत. पहाटे चारला कणीक भिजवायची आणि अकराला शेवटचा डबा रवाना करायचा. बोटांच्या पेरांत पीठ तसेच होते. "काका," त्या म्हणाल्या, "आमच्या ओंकारची तुमच्याकडे काही उधारी आहे म्हणे. नव्वद रुपये. आज त्याच्या खिशात चिठ्ठी सापडली, विचारलं तर म्हणाला दुकानातली आहे. कशाची आहे हो?"

काउंटरखाली उधारीची वही होती. तिच्यात मुलांची नावे नसत, खुणा असत: 'निळी सायकल', 'चष्मेवाला', 'कुरळे केस'. ओंकार म्हणजे 'निळी सायकल', आणि त्याच्यापुढे मधुकररावांच्याच अक्षरात चार सिगारेटींचे ऐंशी आणि गोळ्यांचे दहा मांडलेले होते. वही उघडायची गरज नव्हती. मधुकरराव म्हणाले, "वह्या नेल्या होत्या. आणि पेन."

"हं, वह्याच असतील," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव उमटला तो मधुकररावांना बघवला नाही. ते बरणीचे झाकण लावू लागले. ओंकारच्या आईने पदराच्या टोकाची गाठ सोडली. दहादहाच्या आठ नोटा निघाल्या आणि दहा रुपयांची सुटी नाणी. नोटा घडी घालून ठेवलेल्या होत्या आणि घडीत गव्हाचे पीठ बसले होते. एकेक नोट सरळ करून, हाताने झटकून त्या काउंटरवर ठेवीत गेल्या. नाणी दोनदा मोजली. "पुढं काही लागलं तर मला सांगत जा, त्याला उधार देऊ नका," असे म्हणून त्या गेल्या. काउंटरच्या काचेवर पिठाची पुसट रेघ राहिली.

मधुकररावांनी फडके घेतले. काच पुसताना हात लायटरला लागला. दुकानाच्या खांबाला सुतळीने बांधून ठेवलेला तो लायटर सुटी सिगारेट घेणाऱ्यांसाठी होता. ती सुतळी गेल्या पावसाळ्यात त्यांनी वीतभर वाढवली होती. तिच्यात मध्येच एक गाठ होती, आणि गाठीखालची सुतळी नवी, पिवळसर होती. ती का वाढवली होती ते त्यांना त्या क्षणी नेमके आठवले. गणवेशातले एक पोर टाचा उंच करून, दप्तराच्या ओझ्याने मागे झुकत लायटरकडे हात नेत होते आणि तो त्याला पुरत नव्हता. मधुकररावांना त्याची दया आली होती. दयेने त्यांनी गाठ मारली होती.

सिगारेटची बाकीची पाकिटे मागच्या फळीवर उभी होती. पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग सडलेल्या घशाच्या चित्राने व्यापलेला. सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाच्या हातात मात्र एक पांढरी कांडी जाई आणि चित्र दुकानातच राही. इतकी वर्षे ते चित्र एकट्या मधुकररावांनीच पाहिले होते.

त्या रात्री त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. सुनंदाबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "भाड्याचं काय?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे पातेले घेतले. खरे तर हा प्रश्न मधुकररावांना टोचला नाही, उलट बरा वाटला. कोणी तरी पैशांचा विचार करीत आहे म्हटल्यावर त्यांना दुसऱ्या गोष्टीचा विचार करायला मोकळीक मिळाली.

सकाळी त्यांनी कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर टांगले आणि पाटी उघडी केली. लायटरची सुतळी गाठीपाशी कापली. पहिला आला तो 'चष्मेवाला'.

"अंकल, एक फोड़ने वाली."

"नहीं मिलेगी, बेटा. अब से किसी स्कूल वाले को नहीं."

"मैं तो उन्नीस का हूँ."

"तो आधार दिखा दे."

मुलगा हसला, मग रागावला, मग गल्लीच्या टोकाकडच्या गुमटीकडे निघून गेला. पाच मिनिटांनी त्याच गुमटीपुढे दोन-तीन मुले धूर सोडताना दिसली. हे व्हायचेच होते. मधुकररावांनी ते आधी धरले होते, तरी प्रत्यक्ष पाहताना त्यांना वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्यात गिऱ्हाईक गेल्याचे दुःख किती आणि मुलांचे किती, हे त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळखीचा रिक्षावाला आला आणि एकदम चार सुट्या सिगारेटी मागू लागला, तेव्हा त्याच्या रिक्षेमागे उभ्या दोन दप्तरांकडे बोट दाखवून मधुकररावांनी त्यालाही नकार दिला. "काका, लय कडक झालात," तो म्हणाला. आठवड्याने सिगारेटींचा माल टाकणारा पोरगा आला आणि नेहमीपेक्षा कमी पाकिटे घेतली म्हणून कुरकुरला. त्या महिन्यात भाडे दोन दिवस उशिरा गेले.

शाळेतली आणखी काही मुले येतच राहिली, पण वहीसाठी, खोडरबरासाठी. सुरुवातीला ती उगीच दबकत उभी राहत. त्यांच्यातले एक तर बडीशेपेच्या गोळ्या मागून थांबले, आणि मधुकररावांनी त्या नुसत्या काढून दिल्या, कारण तिथे काय करायचे ते त्यांना ठरवता आले नव्हते.

निळी सायकल मात्र फिरकली नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओंकारची आई साबुदाणा घ्यायला आली. मधुकररावांनी अर्धा किलो तोलला, पिशवीत घातला, आणि गल्ल्यातून आठ नोटा आणि दहाची नाणी काढून काउंटरवर ठेवली. नोटा त्याच नव्हत्या. त्या केव्हाच खर्च झाल्या होत्या.

"हे काय?"

"ते वह्यांचं नव्हतं, ताई," मधुकरराव म्हणाले. "सिगारेटचं होतं. चार सिगारेटी मीच दिल्या होत्या. उधार, वहीत लिहून."

त्या काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवीत गेला. "मागल्या वेळी तुम्ही वह्या म्हणालात," त्या म्हणाल्या. त्यावर मधुकररावांपाशी उत्तर नव्हते. मग त्यांनी विचारले, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. आता मी कोणत्याच मुलाला देत नाही."

"तुम्ही देत नाही," त्या म्हणाल्या. पुढचे वाक्य त्यांनी तोंडातच ठेवले आणि नजर गल्लीच्या टोकाकडच्या गुमटीकडे गेली. मग त्यांनी काउंटरवरच्या नोटा हातात घेतल्या, त्या दिवशीसारख्याच एकेक करून सरळ केल्या, नाणी दोनदा मोजली, आणि साबुदाण्याचे पैसे त्यांतून वेगळे काढून मधुकररावांसमोर ठेवले.