दुरुस्तीआधी सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर करावी का?

माझं उत्तर 'हो' आहे, पण आधी ती दुरुस्त करायला पुरेशी मुदत दिलेली हवी.

कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या लिंकमधला रिपोर्ट क्रमांक बदलला, की दुसऱ्याच पेशंटचा अहवाल उघडतो, हे माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. तिने लॅबला आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवलं. लॅब गप्प आहे. म्हणून तिने सगळं जाहीर करावं का? इथे मी अडखळते. फोनमधल्या अ‍ॅपची त्रुटी कळली तर आपण ते काढून टाकू शकतो. इथे अहवाल लॅबच्या सर्व्हरवर आहेत, पेशंटच्या हातात काहीच नाही. क्रमांक बदलण्याची युक्ती मात्र कुणीही लगेच वापरेल.

गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा त्रुटी शोधणारा गट दुरुस्तीसाठी सहसा 90 दिवस देतो, हल्ले सुरू असतील तर सातच. हे मला पटतं: चोरांना ठाऊक झालेली गोष्ट घरमालकापासून लपवणं अन्याय आहे. (परवानगीशिवाय तपासणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 लागू शकतं, ही भीतीही खरी.)

मुदत संपल्यावर तिने लॅबचं नाव आणि धोका सांगावा, पद्धत नाही. पेशंटना निदान 'माझा अहवाल काढा' असं ठणकावता येईल.