उत्तर पाठवू नकोस

मृण्मयी,

मेसेज लांबलाय. आत्ता वाचवत नसेल तर राहू दे, महिन्याने वाच, नाही वाचलास तरी चालेल. निळ्या टिका बघत मी बसणार नाही.

रविवारी रामबाग मुक्तिधामात काकांना निरोप देताना मी मागे भिंतीपाशी उभा होतो. पुढे आलो नाही. तुझ्याभोवती आत्या, मावश्या सगळ्या होत्या आणि तिथे काय बोलावं ते मला सुचेना. आजही सुचलंय असं नाही. 'खंबीर राहा' तर मी म्हणणारच नाही, ते तुला या पाच दिवसांत पन्नास जणांनी सांगितलं असेल. आईसमोर रडायचं नाही असं तू ठरवलं असशील, तुझा स्वभाव बघता ठरवलंच असशील. पण त्याही एकट्याच रडत असतील गं.

काकांची एक गोष्ट सांगतो, ती बहुतेक तुला ठाऊक नसेल. गणपतीच्या नाटकाच्या तालमी तुमच्या हॉलमध्ये चालायच्या ना, तेव्हा निघताना ते फाटकापर्यंत यायचे आणि प्रत्येकाला म्हणायचे, "पोचलास की मिस्ड कॉल दे रे." आम्ही हसायचो. सत्तावीस वर्षांचे घोडे आम्ही, आणि मिस्ड कॉल! एकदा मी विसरलो. पावणेबाराला त्यांचाच फोन. "अरे, फाटकावरचा दिवा मालवायचा थांबलोय मी."

दुसऱ्या दिवशी तुमच्या टीव्हीशेजारी बँकेच्या जुन्या स्लिपची पाठकोरी बाजू दिसली. पेन्सिलीने सहा नावं, पुढे खुणा. माझ्या नावापुढे कंसात 'सुदामा नगर, लांब'. तुझं नाव त्यात नव्हतं, कारण तू घरातच होतीस. माझ्यासाठी असं जागं राहणारं माझ्या घराबाहेरचं दुसरं कुणी मला आठवत नाही. शनिवारी रात्री उशिरा घरी पोचलो तेव्हा हात आपोआप फोनकडे गेला होता, आणि सकाळी ही बातमी.

आता कामाचं. काका घरीच गेले, त्यामुळे नगर निगमात नोंद घरच्यांनाच करावी लागेल, २१ दिवसांच्या आत. मुक्तिधामची पावती जपून ठेवा, पाहुण्यांच्या गर्दीत असले कागद हमखास हरवतात. दाखल्याच्या प्रती चार-पाच काढा, पेन्शन, बँक, विमा, सगळीकडे लागतात. आजोबांच्या वेळी या सगळ्या खिडक्यांसमोर मी उभा राहिलोय, एका स्पेलिंगपायी तीन चकरा झाल्या होत्या. मिहिरला सुट्टी कमी असेल तर त्याला माझा नंबर दे. रांगेत उभं राहायचं काम मी करतो. तू यायची गरज नाही, माझ्याशी बोलायचीही नाही, मिहिर आणि मी बघून घेऊ.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. नंतर सगळे आपापल्या गाडीने निघतात आणि घरात दोनच ताटं उरतात. तेव्हा माझ्या आईने सांगितलंय, दर गुरुवारी डबा पाठवायचा. साधाच, पिठलं-भात नाहीतर खिचडी. मी ओट्यावर ठेवून निघून जाईन, बेल वाजवणार नाही. नको असेल तर 'नको' एवढंच लिही. माझ्याकडून काही घ्यायला अवघड वाटत असेल तर स्नेहलला सांग, ती तुमच्या मागच्याच गल्लीत आहे. मला वाईट वाटणार नाही. खरंच नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. मागच्या महिन्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी मी तुला जे विचारलं होतं, ते उत्तर द्यायचं राहिलंय असं कुठेतरी मनात असेल तर काढून टाक. तो प्रश्न मी परत घेतलाय. हा डबा, या चकरा, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही, आणि वर्षभराने 'मी तेव्हा होतो की नाही' असं मी म्हणणार नाही. काकांनी मला पोरासारखं वागवलं, तेवढं कारण मला पुरे आहे.

काल तुम्ही ओंकारेश्वरला जाऊन आलात असं मिहिर म्हणाला. मोरटक्क्याच्या पुलावर काका नेहमी नर्मदेत नाणं टाकायला लावायचे, हे तूच सांगितलं होतंस. काल कुणी टाकलं का, ते विचारत नाही. फक्त आठवलं.

झोप येत नसेल आणि कुणीतरी जागं आहे एवढंच हवं असेल तर मिस्ड कॉल दे. मी उलटा फोन करणार नाही. आमच्या गॅलरीतला दिवा तसाही बारापर्यंत चालू असतो.

निनाद