गुंतवणूकदारांसमोरच्या पिचची शेवटची स्लाइड, आणि ती पडद्यावर असताना बोलायचं ते

स्लाइडवरचं वाक्य:

कान कसेही असोत, एकाही बाळाची भाषा खोळंबू नये.

त्याखाली, बारीक अक्षरात:

पहिल्या महिन्यात चाचणी. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान. सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू.

(वाक्य मोठ्याने वाचायचं नाही. पडद्यावर आल्यावर लोकांना ते वाचू द्यायचं आणि मग सुरुवात करायची.)

ही आमची शेवटची स्लाइड. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत ती इथेच राहील. आधीचे तक्ते आणि बाजारपेठेचे आकडे तुमच्याकडे फाइलमध्ये आहेतच. उद्या तुमच्या सहकाऱ्यांनी विचारलं, "ही मंडळी नेमकं काय करायला निघाली आहेत?", तर तुम्ही हे एक वाक्य सांगावं अशी आमची इच्छा आहे. त्यामागे काय आहे तेवढं सांगते आणि थांबते.

हजार बाळं जन्माला आली की त्यातली साधारण एक ते तीन बाळं कानांनी कमी ऐकणारी किंवा अजिबात न ऐकणारी असतात. त्यांच्याकडे बघून ते कळत नाही. बाळ रडतं, दूध पितं, आईकडे टक लावून बघतं, आणि पहिल्या काही महिन्यांत हुंकारही देतं. न ऐकणारी बाळंसुद्धा सुरुवातीला तसेच आवाज काढतात. घरचे पाळण्याशेजारी टाळी वाजवतात, बाळ दचकतं आणि सगळे निश्चिंत होतात. ते दचकलं हाताची हालचाल दिसल्यामुळे, किंवा हवेचा झोत लागल्यामुळे, किंवा पाळणा हलल्यामुळे. शिवाय अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात हा अनुभव कुणालाच नसतो, त्यामुळे शंका येईल तरी कशी? शंका येते ती मूल दीड-दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही तेव्हा. तोवर मेंदूने भाषा शिकायचा सर्वात भराचा काळ रिकामा गेलेला असतो.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी लागणारं तंत्र आज नवीन राहिलेलं नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केंप या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की निरोगी कान आवाज फक्त घेत नाही, तो स्वतःही अगदी क्षीण आवाज बाहेर टाकतो. अंतर्कर्णातल्या बाहेरच्या केशपेशी आवाजाला प्रतिसाद देत हलतात आणि त्या हालचालीचा प्रतिध्वनी कानाच्या पोकळीत परत येतो. नवजात बाळाची चाचणी याच तत्त्वावर चालते. बाळ झोपलेलं असताना मऊ रबरी टोक असलेली बारीक नळी त्याच्या कानात बसवायची. त्यातून टिक-टिक असे हलके आवाज आत जातात आणि नळीतलाच माइक परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. खोली शांत असेल तर एका कानाला मिनिटभरही लागत नाही. बाळाला उठवायचं नाही, टोचायचं नाही, त्याच्याकडून काही करून घ्यायचं नाही. यंत्राच्या पडद्यावर "पास" किंवा "रेफर", म्हणजे पुढे तपासायला हवं, यांपैकी एक उत्तर येतं.

या चाचणीला मर्यादा आहेत आणि त्या आम्ही लपवत नाही. अंतर्कर्ण ठीक असेल पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत दोष असेल, तर ही चाचणी तो पकडत नाही. म्हणून एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळांची मेंदूच्या प्रतिसादावर चालणारी एबीआर चाचणी करायला हवी, आणि आमच्या प्रणालीत ती अट बंधनकारक आहे. काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं, उदाहरणार्थ गर्भात असताना सायटोमेगॅलो विषाणूची लागण झालेल्या मुलांचं. त्यामुळे "पास" म्हणजे कायमचा निकाल नव्हे. जोखमीच्या यादीतल्या बाळांच्या पुढच्या तारखा आम्ही पास झाल्यावरही चालू ठेवतो.

आता आम्ही जिथे काम करतो त्या जागेकडे येते.

चाचणी होते. यंत्र "रेफर" दाखवतं. जन्मानंतर पहिल्या दिवशी हे बऱ्याचदा घडतं, कारण कानात अजून गर्भातला द्रव आणि पांढरा चिकट थर असतो. परिचारिका म्हणते, "काळजी करू नका, पुन्हा करून बघू." ती खोटं बोलत नाही, बहुतेक बाळं दुसऱ्या चाचणीत पास होतातच. पण तेवढ्यात डिस्चार्ज होतो. फाइलमध्ये एक चिठ्ठी असते. घरी गेल्यावर दूध, झोप, लस, पाहुणे यांत ती चिठ्ठी फाइलमध्येच राहते. रुग्णालयाला वाटतं कुटुंब येईल. कुटुंबाला वाटतं महत्त्वाचं असतं तर फोन आला असता. श्रवणतज्ज्ञाला तर हे बाळ जन्मलंय हेही माहीत नसतं. यात कुणाचा हलगर्जीपणा शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि बाळ मात्र यादीतून नाहीसं होतं.

हे केवळ साधनं नसलेल्या ठिकाणी होतं असंही नाही. अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त नवजात बाळांची ही चाचणी होते, आणि तिथेही पहिल्या चाचणीत न पास झालेल्या मुलांचा मोठा हिस्सा निदानापर्यंत पोचल्याची नोंद मिळत नाही. चाचणीचं यंत्र विकणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत, आम्ही त्यांच्याशी स्पर्धा करत नाही. त्यांच्या यंत्रावर "रेफर" उमटल्या क्षणापासून आमचं काम सुरू होतं.

ते काम असं चालतं. यंत्राचा निकाल आमच्या प्रणालीत आला की पुढच्या तपासणीची तारीख आणि जागा नोंदवल्याशिवाय त्या बाळाचा डिस्चार्जचा कागद पूर्ण होत नाही. आईचा फोन नंबर आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर तिथेच घेतला जातो, कारण बाळंतपणानंतर आई अनेकदा वेगळ्या घरी राहायला जाते. प्रत्येक "रेफर" बाळामागे रुग्णालयातल्या एका माणसाचं नाव असतं. विभागाचं नाव लिहून चालत नाही, माणसाचंच लागतं. कुटुंब तारखेला आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या पडद्यावर सगळ्यात वर तेच बाळ दिसतं.

आणि या यादीतून नाव निघायचे तीनच रस्ते आहेत. निदानात ऐकणं व्यवस्थित असल्याचं ठरलं. किंवा निदान होऊन मदत सुरू झाली. किंवा कुटुंबाने सगळं समजून घेऊन नको म्हटलं आणि तशी नोंद झाली. "संपर्क झाला नाही" असं लिहून नाव बंद करता येत नाही. ही सोय द्या अशी मागणी आमच्याकडे झाली होती. आम्ही ती दिली नाही आणि देणारही नाही.

एक-तीन-सहा महिन्यांची चौकट आमची नाही. बालश्रवण क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी ती घालून दिलेली आहे आणि तिला आधार आहे. १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं त्यांची भाषा नंतर निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, आणि हा फरक ऐकणं थोडं कमी असलेल्या मुलांत जसा होता तसाच अजिबात न ऐकणाऱ्या मुलांतही होता. म्हणजे दोष किती मोठा आहे यापेक्षा तो कधी कळला याला जास्त वजन आहे. आमची सगळी धडपड या "कधी"साठी आहे.

पुढची मदत कोणती घ्यायची हे आम्ही ठरवत नाही. काही बाळांना पहिल्या काही महिन्यांतच श्रवणयंत्र बसतं. काहींचं वर्षाच्या आसपास कॉक्लियर इम्प्लांट होतं. काही कुटुंबं पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा शिकतात आणि बाळाशी हातांनी बोलू लागतात. कित्येक घरांत दोन्ही चालतं. १९९१ मध्ये पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी नोंदवलं होतं की खुणांची भाषा बघत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात, अगदी ज्या वयात इतर बाळं तोंडाने बोबडं बोलतात त्याच वयात. भाषा आत यायला तयार बसलेली असते, तिला वाट लागते. ती वाट आवाजाची असो की हातांची, बाळाला ती वेळेत मिळाली पाहिजे. म्हणूनच "प्रत्येक बाळाला ऐकू यावं" असं आमचं ध्येय आम्ही लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर ज्यांना कधीच ऐकू येणार नाही, अशी मुलं आमच्या ध्येयाबाहेर राहिली असती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे. आम्ही त्या सगळ्यांपर्यंत पोचू असा दावा करत नाही. त्यातली जी सर्वात लहान आहेत, ज्यांच्या बाबतीत घड्याळ सर्वात वेगाने चालतं आणि जी स्वतः तक्रार करू शकत नाहीत, त्यांच्यापुरतं आम्ही बोलतोय.

तुमच्याकडून आम्हाला अठरा महिने चालेल एवढं भांडवल हवं आहे. त्यातला मोठा भाग दोन ठिकाणी जाईल: निरनिराळ्या कंपन्यांच्या चाचणीयंत्रांशी आमची प्रणाली जोडणं, आणि कुटुंबांना त्यांच्या भाषेत फोन करणारी प्रशिक्षित माणसं नेमणं. नुसता संदेश पाठवून घाबरलेली आई तपासणीला येत नाही. तिला प्रश्न विचारायचे असतात, आणि उत्तर देणारा माणूस पलीकडे लागतो. हा खर्च कापून नफा लवकर दाखवता येईल, पण तो आम्ही कापणार नाही. हे गुंतवणुकीआधीच सांगितलेलं बरं.

आमचं मोजमाप किती रुग्णालयं जोडली यावर करू नका. एकच आकडा मागा: ज्या बाळांच्या नावापुढे "रेफर" आलं, त्यातल्या किती बाळांचं निदान तीन महिन्यांच्या आत झालं. तो आकडा दर महिन्याच्या शेवटी तुम्हाला मिळेल, आणि ज्या बाळांपर्यंत आम्ही पोचू शकलो नाही त्यांची संख्या आणि कारणं त्याच पानावर, त्याच्या शेजारी असतील.

आता तुमचे प्रश्न. तांत्रिक बाजूचे माझे सहकारी घेतील, रुग्णालयांशी झालेल्या करारांबद्दल मी सांगते.