ASMT-10 नोटिशीला उत्तर: आर्थिक वर्ष 2023-24

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी,
वस्तू व सेवा कर विभाग, नागपूर

दिनांक: 29 डिसेंबर 2025

विषय: दि. 8 डिसेंबर 2025 च्या नोटिशीतील तफावतीचा खुलासा (ASMT-11 सोबतचे निवेदन)

महोदय,

इतवारीत आमचे रंग आणि हार्डवेअरचे किरकोळ दुकान आहे. नोटिशीत दोन फरक दाखवले आहेत. GSTR-3B मध्ये घेतलेले क्रेडिट ₹6,77,720 असून GSTR-2B मध्ये ₹6,12,740 दिसते, म्हणजे ₹64,980 जास्त. दुसरे, GSTR-1 प्रमाणे विक्रीवरचा कर ₹7,96,500 होतो, पण 3B मध्ये ₹7,78,500 दाखवला, म्हणजे ₹18,000 कमी. आम्ही खरेदी रजिस्टर 2B शी बिलागणिक ताडून पाहिले. ₹15,300 ची चूक आमचीच आहे आणि ती रक्कम भरली आहे. बाकीच्याचा हिशोब खाली देत आहोत.

सर्वांत मोठी रक्कम ₹23,760 ची. भिवंडीच्या पुरवठादाराने 30 मार्च 2023 ला ₹1,32,000 चे बिल केले, ते मार्च 2023 च्या 2B मध्ये आले. गाडी मात्र 4 एप्रिलला दुकानात उतरली. कलम 16(2)(b) प्रमाणे माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून मार्चच्या 3B मध्ये ते 4(B)(2) खाली परत केले आणि एप्रिलमध्ये 4(A)(5) मध्ये पुन्हा घेतले. 4(D)(1) मध्येही तसे नोंदवले आहे. नोटिशीतील तुलना एप्रिल ते मार्च अशा बारा 2B ची असल्याने हे बिल तिच्यातून सुटते. ई-वे बिल आणि पोच-शिक्क्याची बिल्टी जोडली आहे.

₹7,200 हा मालवाहतुकीवरचा रिव्हर्स चार्ज आहे. ₹1,44,000 भाड्यावर 5 टक्के दराने तो आम्ही 3.1(d) मध्ये दाखवून रोखीने भरला. क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचे होते, ते नजरचुकीने 4(A)(5) मध्ये पडले. वाहतूकदार नोंदणीकृत नसल्याने ही रक्कम 2B मध्ये येतच नाही. वर्षभर 4(A)(3) शून्य आहे, म्हणजे दोनदा क्रेडिट घेतलेले नाही.

नोव्हेंबर 2023 च्या दोन बिलांवर (₹62,000 आणि ₹42,000) ₹18,720 कर आहे. पुरवठादाराने GSTR-1 भरताना आमच्याऐवजी दुसऱ्याच ग्राहकाचा जीएसटीआयएन टाकला. पाठपुरावा केल्यावर त्याने सप्टेंबर 2024 च्या GSTR-1 मध्ये 9A खाली दुरुस्ती केली आणि बिले आमच्या त्याच महिन्याच्या 2B मध्ये आली, म्हणजे कलम 16(4) च्या 30 नोव्हेंबर 2024 या मुदतीच्या आत. 2B मध्ये नसताना क्रेडिट आधीच घेतले, हे आम्ही मान्य करतो. बिले दिसू लागल्यावर ते पुन्हा घेतलेले नाही.

आता आमची चूक. एक ₹55,000 चे बिल दोनदा नोंदले गेले: फेब्रुवारीत फोटोवरून 417 म्हणून, मार्चमध्ये मूळ प्रतीवरून 0417 म्हणून. आकडे वेगळे दिसल्याने सॉफ्टवेअरने अडवले नाही. त्याचा कर ₹9,900. शिवाय ₹30,000 च्या बिलावरचे ₹5,400, ज्याच्या पुरवठादाराने GSTR-1 भरलेच नाही. त्याला आम्ही कर धरून पूर्ण रक्कम बँकेतून दिली आहे आणि ती मागत आहोत; तरीही मुदत गेल्याने हे क्रेडिट आमचे राहत नाही. दोन्ही मिळून ₹15,300 (केंद्र ₹7,650, राज्य ₹7,650) 24 डिसेंबर 2025 रोजी DRC-03 ने क्रेडिट लेजरमधून भरले.

व्याजाबाबत: कलम 50(3) आणि नियम 88B(3) प्रमाणे चुकीचे क्रेडिट वापरले गेले तरच व्याज लागते, म्हणजे लेजरची बाकी त्या रकमेच्या खाली गेली तर. 2B मध्ये नसताना घेतलेले ₹18,720 आणि आमच्या चुकीचे ₹15,300, या दोन्ही रकमा धरून ₹34,020 होतात. नोव्हेंबर 2023 पासून लेजरची सर्वांत कमी बाकी ₹41,265 आहे. म्हणून व्याज देय नाही.

विक्रीतील ₹18,000 चा फरक एका क्रेडिट नोटचा आहे. ग्राहकाने ₹1,00,000 चा रंग परत केला, नोट 28 मार्च 2024 ची. मार्चच्या 3B मध्ये ती वजा झाली, GSTR-1 मध्ये मात्र एप्रिलमध्ये 9B खाली गेली. एप्रिलच्या 3B मध्ये ती पुन्हा वजा केलेली नाही. त्या महिन्यात फरक नेमका उलट दिसेल.

हा खुलासा स्वीकारून ASMT-12 द्वारे कार्यवाही बंद करावी, ही विनंती. एखाद्या मुद्द्यावर समाधान झाले नसेल तर आदेशापूर्वी प्रत्यक्ष सुनावणी द्यावी. मूळ बिले आणि वह्या घेऊन हजर राहू.

आपला विश्वासू,
मालक (नाव व जीएसटीआयएन ASMT-11 मध्ये नमूद)

सोबत: बिलागणिक ताळमेळ तक्ता, बिले व बिल्ट्या, रिव्हर्स चार्जची स्व-बिले, मार्च व एप्रिल 2023 आणि मार्च व एप्रिल 2024 ची 3B, सप्टेंबर 2024 ची 2B, क्रेडिट नोट, DRC-03 ची पावती, नोव्हेंबर 2023 पासूनचे क्रेडिट लेजर.